दर एप्रिलात डार्क ब्राऊन केस केशरी होतात, त्याचं काय करायचं

मार्च संपला की पार्लरमध्ये एकच तक्रार सुरू होते. कलर डार्क ब्राऊनच लावला होता, खोक्यावरचा फोटो बघून घेतला होता, पहिले आठ-दहा दिवस झकास दिसला आणि महिना व्हायच्या आत केस तांबूस, आणि उन्हात उभं राहिलं की चक्क केशरी. "बाय माझे, केस असे तांबडे कशाक झाले गो? रंग टिकणाच नाय!" मालवण म्हणा, देवगड म्हणा, वेंगुर्ला म्हणा, हे ऐकायला मिळतंच. आणि त्यावर बहुतेक जणी काय करतात, तर तोच डबा परत आणतात आणि मुळांपासून टोकांपर्यंत सगळ्या केसांना थापतात. पुढच्या खेपेला केशरी आणखी लवकर दिसतं. मग कंपनी बदलायची, परत सगळ्या केसांना लावायचं, परत तेच. कंपनी बदलून हे सुटत नाही, कारण मूळ दुखणं बहुतेक वेळा खोक्यातल्या शेडमध्ये नसतं, ते आपण पुन्हा पुन्हा सगळ्या केसांना लावतोय त्यात आहे, ऊन फक्त ते उघडं पाडतं.

आधी कलर लावताना काय होतं ते बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. टिकाऊ कलरच्या खोक्यात दोन गोष्टी असतात, ट्यूब आणि डेव्हलपर. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, साधारण २० व्हॉल्युमचा असतो म्हणजे ६ टक्के. तो दोन कामं एकाच वेळी करतो. एक म्हणजे ट्यूबमधल्या बारीक कणांपासून केसाच्या आत रंग तयार करतो, आणि दुसरं म्हणजे केसाचा स्वतःचा काळेपणा थोडा उडवतो. हे दुसरं काम कुणी सांगत नाही. आपले केस मुळात काळे, शेडच्या भाषेत १ किंवा २ नंबरचे, त्यावर ३ किंवा ४ नंबरचा ब्राऊन दिसायचा तर आधी काळा कमी व्हायलाच हवा, त्याशिवाय ब्राऊन दिसणारच नाही. आणि काळा केस जरा फिका केला की खाली जे उरतं ते आधी लालसर, मग केशरी, मग पिवळं. भिंतीचा वरचा रंग उडाल्यावर खालचा गेरू दिसावा तसं. म्हणजे केशरी बाहेरून आलेलं नसतं, ते आधीपासून खाली होतंच, वरच्या ब्राऊनने झाकलेलं.

"पण माझा तर अमोनिया फ्री आहे!" असेल, पण त्यात अमोनियाच्या जागी वास न येणारं दुसरं अल्कली असतं आणि डेव्हलपर असतोच. डोळे झोंबत नाहीत हा फायदा खरा, काळेपणा उडत नाही हे मात्र खरं नाही.

आता वरचं झाकण का उडतं? गडद ब्राऊन हा एक रंग नसतो, लालसर, पिवळसर आणि निळसर अशा कणांची मिसळ असते ती. धुण्याने आणि उन्हाने सगळेच कण कमी होतात पण डोळ्याला आधी जाणवतं ते निळसर भाग गेल्याचं, आणि निळं गेलं की उरलेलं सगळं गरम दिसायला लागतं. वरून खालचं केशरी डोकावतंच आहे. त्यात ऊन केसाचा उरलासुरला काळेपणाही फिका करतं आणि केसाची वरची खवलं खराब करतं, म्हणजे पुढच्या धुण्यात रंग आणखी सहज निसटतो.

आणि आपल्याकडचं ऊन साधं नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास मालवण-देवगडच्या पट्ट्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायाशी गायब होते. तेव्हा ऊन गालावर कमी आणि थेट भांगावर जास्त पडतं. तसाच सूर्य ऑगस्टमध्येही डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं म्हणून चतुर्थीला कुणाची तक्रार नसते, तक्रार सगळी आंब्याच्या दिवसांत. शिवाय हवेत दमटपणा. ओला किंवा दमट केस कोरड्या केसापेक्षा उन्हात लवकर फिका पडतो, आणि आपण काय करतो, तर न्हाऊन झालं की खळ्यात पाठ करून बसतो, केस पसरून, वाळवायला. कलर केलेल्या केसांसाठी याहून वाईट काही नाही. आजीचं चालायचं कारण आजीने कलर केला नव्हता.

उपाय करायच्या आधी केशरी नक्की कुठे दिसतंय ते बघा. दिवसा खिडकीपाशी बसा, ट्यूबलाइटखाली नको, आणि कुणालातरी मागचे केस उचलायला सांगा. मानेजवळचा आतला थर आणि वरचा थर शेजारी धरून बघायचे. वरचा केशरी आणि आतला अजून ब्राऊन असेल तर मुख्य काम उन्हाचं. दोन्ही सारखेच तांबूस असतील तर धुणं, पाणी किंवा मुळातच शेड गरम निवडलेली, म्हणजे ऊन अडवून फारसं काही होणार नाही. भांगापासून चार बोटं ठीक आणि खाली खाली केशरी वाढत गेलं असेल तर तो जुन्या केसाला वारंवार लागलेला डेव्हलपर. आणि फक्त पूर्वीचे पांढरे केसच झगझगीत केशरी असतील तर खाली मेंदी आहे असं समजा, त्याचं शेवटी सांगते. बऱ्याच जणींचं दोन-तीन कारणांचं कडबोळं असतं, पण त्यातलं मोठं कुठलं ते कळलं तरी पुरे.

शेड गरम म्हणजे काय ते इथेच सांगते. खोक्यावर किंवा ट्यूबवर नंबर असतो, ४.० किंवा ५.३ असा. टिंबाच्या आधीचा आकडा किती गडद ते सांगतो, ३ डार्क ब्राऊन, ४ मधला, ५ फिका. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो, आणि बहुतेक कंपन्यांत ० म्हणजे न्यूट्रल, १ म्हणजे ॲश, ३ सोनेरी, ४ तांबूस, ५ महोगनी, ६ लाल. चॉकलेट, चेस्टनट, मोका अशी गोड नावं असतात त्यातल्या पुष्कळ शेड या ३, ४, ५ वाल्या निघतात. त्या उन्हात केशरी झाल्या तर त्यात तक्रारीला जागा नाही, त्या लावल्या तेव्हाच अर्ध्या वाटेवर होत्या.

एक उदाहरण सविस्तर सांगते म्हणजे कळेल. देवगडकडच्या एक काकी, पंचेचाळिशीच्या, स्वतःची कलमं आहेत, मार्च ते मे बागेत आणि पॅकिंगला सकाळपासून उभ्या. केस अर्ध्या पाठीपर्यंत, कानशिलांवर पांढरे. गेली दोन वर्षं दर महिन्याला घरीच डार्क ब्राऊन, आणि दर वेळी सगळ्या केसांना. डोक्याला रुमाल बांधतात म्हणून त्यांना वाटत होतं उन्हाचा संबंधच नाही. केस सोडून बघितले तर रुमालाखालचा भाग चांगला ब्राऊन. कपाळावर रुमालाच्या बाहेर राहणारी दोन बोटं रुंद पट्टी तांबूस, आणि वेणीचं शेवटचं वीतभर टोक केशरी, कारण वेणी रुमालाखालून बाहेर पाठीवर लोंबते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे ते टोक पुरती दोन वर्षं त्यांच्याबरोबर होतं आणि त्याला चोवीसेक वेळा डेव्हलपर लागला होता. बोटांत धरलं तर टोक खरखरीत, पाण्याचा थेंब लगेच पिऊन टाकत होतं. मुळांजवळच्या केसावर तोच थेंब थोडा वेळ तसाच राहत होता. ही थेंबाची चाचणी कुणीही घरी करू शकतं, फक्त केसाला तेल किंवा सीरम नको. जो केस पाणी पटकन पितो तो रंगही पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडतो.

आधी टोकं दोन इंच कापली, त्यावर वाद घालायचा नसतो. मग केसांचे दोन भाग धरले. मुळांना, म्हणजे महिन्यात नवीन आलेल्या केसांना आणि कानशिलाच्या पांढऱ्यांना, ३.० आणि २० व्हॉल्युम, पत्रकावर दिलेल्या वेळेपुरता. पांढरे केस झाकायला इथे टिकाऊ कलरच लागतो, हलका चालत नाही. आणि पांढऱ्यांवर नुसती ॲश लावायची नाही, ते राखाडी किंवा हिरवट दिसतात, न्यूट्रल हवीच.

बाकीच्या लांबीला टिकाऊ कलर नाहीच लावायचा. तिथे डेमी परमनंट, ज्याच्याबरोबर अगदी सौम्य डेव्हलपर येतो, २ ते ३ टक्क्यांच्या आसपासचा. याने केसाचा काळेपणा उडत नाही म्हटलं तरी चालेल, नुसता रंग बसतो. शेड घेतली ४.० दोन भाग आणि ४.१ एक भाग, म्हणजे एकूण ४० ग्रॅम क्रीम असेल तर साधारण २७ आणि १३ ग्रॅम, त्यात त्या कंपनीने सांगितलं होतं तसं दुप्पट डेव्हलपर, ८० मिली. ॲश यासाठी की केशरीला मारायला निळं लागतं आणि ॲशमध्ये ते असतं. आधी मधल्या लांबीला आणि कपाळावरच्या पट्टीला लावलं, टोकांना शेवटच्या दहा मिनिटांतच, कारण ती रंग अधाशासारखा ओढतात आणि काळीकुट्ट, निस्तेज होऊन बसतात. दर पाच मिनिटांनी एक बट टिश्यूने पुसून बघायची. घड्याळ फक्त अंदाजाला असतं, खरं काय ते पुसलेली बट सांगते. केस फारच कोरडे असते तर मी ४ ऐवजी ५ घेतला असता, तो ओढून ओढून ४ सारखाच दिसतो.

त्यानंतर काकी दर महिन्याला फक्त मुळांना टिकाऊ कलर लावतात आणि एक महिना आड लांबीला डेमी. पूर्वी पंधरा दिवसांत जे केशरी दिसायचं ते आता पुढच्या टच-अपच्या आसपास हलकंसं तांबूस होतं, तेही पुढच्या पट्टीत. पूर्ण थांबलंय का? नाही. उघड्या उन्हात काम करणाऱ्या बाईचा ब्राऊन कलर पूर्ण थांबवेल असं काही मला माहीत नाही, आणि कुणी तशी हमी देत असेल तर आधी पैसे देऊ नका.

डेमी परमनंट गावात मिळत नसेल तर कलर डिपॉझिट करणारा मास्क किंवा कंडिशनर चालतो, ब्राऊन किंवा निळसर. इथे एक घोळ नेहमी होतो, ऑनलाइन बघून बायका जांभळा शॅम्पू मागवतात. जांभळा पिवळ्याला मारतो, तो ब्लाँड आणि पिकलेल्या केसांसाठी. आपल्या केशरीला निळा शॅम्पू हवा, आठवड्यातून एकदा, पाचेक मिनिटं ठेवून. तोही आधीपासून गडद असलेल्या केसावर काही दाखवत नाही, जिथे खरंच केशरी उघडं पडलंय तिथेच दिसतो. आणि पांढरे केस मोकळे राहिले असतील तर त्यांच्यावर निळसर छटा चढते, ती भांगात दिसते, जपून.

आता ऊन. स्प्रे आणि सीरमवर यूव्ही लिहिलेलं असतं, त्यातली धुऊन टाकायची जी उत्पादनं आहेत ती पाण्याबरोबर बरीचशी निघून जातात, केसात ठेवायची असतात ती थोडी उपयोगाची. पण कापडाची सर कशालाच नाही. कापड निवडताना ते सूर्याकडे धरून बघा, आरपार उजेड दिसला तर ती ओढणी शोभेची, घट्ट विणीचा गडद सुती रुमाल किंवा स्टोल घ्या. आणि वेणी लोंबती सोडू नका, वर गुंडाळून अंबाडा घाला आणि तो रुमालाच्या आत घ्या. स्कूटीवाल्या मुलींचं तर बघण्यासारखं असतं, हेल्मेटखालचे केस ब्राऊन आणि हेल्मेटच्या खालून निघालेली पोनी केशरी, म्हणजे हेल्मेट कुठवर येतं ते केसांवरच आखलेलं. पोनी शर्टच्या आत टाकली तरी पुष्कळ फरक पडतो. भांगही अधूनमधून बदला, रोज तीच रेघ उन्हाला द्यायची गरज नाही.

केस वाळवणं सावलीत, पंख्याखाली, पंचाने टिपून. घाई असेल तर ड्रायर मंद आणि लांबून, पण ओल्या केसांनी दुपारी बाहेर पडायचं नाही.

घामामुळे इथे रोज डोकं धुवावंसं वाटतं हे मान्य, पण प्रत्येक धुण्यात रंग जातोच, शॅम्पू सल्फेट फ्री असो की कुठलाही, कारण नुसत्या पाण्यानेही केस फुगतो आणि कण बाहेर येतात. शॅम्पू आठवड्यातून दोनदा, पाणी कोमट, कडकडीत नाही, बाकीचे दिवस केस वर बांधून अंगावरून न्हायचं. आणि शॅम्पूच्या आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी खोबरेल लावा. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि केस पाण्याने कमी फुगतो, प्रथिनं कमी जातात, यावर भारतातच अभ्यास झालेला आहे. समुद्रात उतरायचं असेल तर त्याआधीही लावा, आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवा. पण तेल लावलं म्हणजे ऊन अडलं असं नाही, तेल चोपडून बागेत गेलात तर रुमाल हवाच.

आणखी एक गोष्ट, पाणी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी रात्रभर पांढऱ्या बादलीत ठेवा. सकाळी तळाला तांबूस साका किंवा बादलीच्या कडेला गंजासारखी रेघ दिसली तर त्यात लोह आहे, जांभ्याच्या मुलखात हे नवीन नाही. ते केसावर बसतं आणि फिक्या किंवा पांढऱ्या केसाला स्वतःचीच पिवळट-तांबूस झाक देतं. तांब्याच्या बंबात रात्रभर राहिलेलं पाणीही केसांना नको, केसात साठलेल्या तांब्यामुळे उन्हाचं नुकसान वाढतं. अशा घरात शेवटचा तांब्या तरी दुसऱ्या पाण्याचा घ्या, नळाचं किंवा गाळलेलं, आणि महिन्यातून एक-दोनदा धातू काढणारा शॅम्पू, ज्याला पार्लरमध्ये किलेटिंग म्हणतात. तो कलर लावायच्या दोन-तीन दिवस आधी वापरायचा, नंतर नाही, कारण तो थोडा रंगही नेतो.

कोंड्याला लिंबू लावून उन्हात बसायचं ते या दिवसांत पूर्ण बंद. लिंबू आणि ऊन मिळून केस फिका करतात, तोच तर त्यांचा जुना उपयोग. खायचा सोडाही नको, त्याने खवलं उघडतात.

राहिली मेंदी. आधी वर्षानुवर्षं मेंदी, मग वरून डार्क ब्राऊन असं ज्यांचं आहे त्यांचं केशरी वेगळं. पांढऱ्या केसावर मेंदीचा रंग असतोच केशरी, आणि तो केसाच्या प्रथिनाला धरून बसतो, सहज जात नाही. वरचा ब्राऊन उन्हाने उतरला की खालची मेंदी जशीच्या तशी. ती ब्लीचने काढायच्या भानगडीत पडू नका, केस जातो आणि केशरी राहतं. यावर डेमीचा थर देत राहणं, किंवा सरळ महोगनीसारखी गरम शेड मुद्दाम घेणं म्हणजे उतरली तरी विजोड दिसत नाही, हे दोनच रस्ते, बाकी मुळांकडून नवीन केस येईपर्यंत थांबायचं. आणि पाकिटातली काळी मेंदी किंवा झटपट ब्राऊन मेंदी लावत असाल तर पार्लरमध्ये आधी सांगा. काहींत मेंदीपेक्षा केमिकल डायच जास्त असतो, काहींत धातूंचे क्षार असतात, आणि त्या क्षारांवर डेव्हलपर पडला तर केस गरम होऊन तुटू शकतो. शंका असेल तर कात्रीने कापलेले थोडे केस काचेच्या वाटीत २० व्हॉल्युम डेव्हलपरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवायला सांगा, पार्लरमध्ये त्यात थोडा अमोनियाही टाकतात. वाटी कोमट लागली, बुडबुडे आले किंवा केसाचा रंग झपाट्याने बदलला तर त्या डोक्याला कलर लावायचा नाही. आणि शेड किंवा कंपनी काहीही बदललं की कानामागे पॅच टेस्ट, ४८ तास, लग्न उद्यावर असलं तरी. खाज किंवा सूज आली तर तो कलर कायमचा बाद, आणि त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.